घरातून व्यवसाय करताना भाडे, वीज, फोन आणि लॅपटॉपचा खर्च कसा वाटायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच घर, एकच मीटर, एकच फोन, आणि त्यावर घरही चालते आणि धंदाही. अशा खर्चातला धंद्याचा हिस्सा वेगळा काढून वजावट कशी मागायची, एवढ्याच विषयाची ही प्रश्नोत्तरे आहेत. कलमांचे क्रमांक प्राप्तिकर कायदा, १९६१ चे आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला तोच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण खर्च वाटण्याची रीत जुनीच आहे.

ही वाटणी नेमकी कोणाला करावी लागते?

हा प्रश्न आधी सोडवा, कारण अनेकांना या खटाटोपाची गरजच नसते.

पगारदाराला घरातल्या खोलीचे भाडे किंवा वीज पगारातून वजा करता येत नाही, मग त्याने वर्षभर घरूनच काम केलेले असो. त्याला ठरलेली प्रमाणित वजावट मिळते आणि विषय तिथे संपतो. त्याच्यासाठी खरा मार्ग मालकाकडून जातो: कंपनीने फोनचे बिल भरले किंवा बिलावर परत दिले, तर ती रक्कम पगारातली करपात्र सवलत धरली जात नाही.

दुसरा गट अनुमानित उत्पन्न योजनेतल्यांचा. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार, गृहसजावटकार अशा व्यावसायिकांनी कलम ४४एडीए निवडले, तर जमेच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची असते. उरलेल्या निम्म्यात भाडे, वीज, फोन, घसारा सगळे आलेच असे कायदा मानतो. त्यावर पुन्हा खोलीचे भाडे वजा करता येत नाही. छोट्या व्यापाऱ्यांच्या ४४एडीलाही हेच लागू आहे. दर वर्षी कितीतरी लोक ४४एडीएचे रिटर्न भरतात आणि सोबत विजेच्या बिलांची फाइलही जपतात. त्या फाइलने त्यांचा एक रुपयाही कर कमी होत नाही.

उरतात ते नियमित हिशेब ठेवणारे. ज्यांचा खरा खर्च निम्म्याहून जास्त आहे, ज्यांची जमा योजनेच्या मर्यादेबाहेर गेली आहे किंवा ज्यांचा व्यवसाय त्या योजनेत बसतच नाही, त्यांच्यासाठी पुढचे सगळे आहे. नवी करप्रणाली निवडली तरी धंद्याचा खर्च वजा होतोच. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून इथेच सांगितले.

कायदा "सगळा खर्च धंद्यासाठीच हवा" म्हणतो. मग अर्धवट वापराचा खर्च चालतो कसा?

कलम ३७(१) मध्ये ती अट आहे: खर्च संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला हवा, वैयक्तिक नको आणि भांडवली नको. पण कलम ३८ मुद्दाम मिश्र वापरासाठी आहे. घराचा काही भाग राहण्यासाठी आणि काही धंद्यासाठी वापरात असेल, तर भाडे, दुरुस्ती, स्थानिक कर आणि विमा यांचा धंद्याच्या भागापुरता हिस्सा मिळतो. यंत्र, फर्निचर, लॅपटॉप अशा वस्तू फक्त धंद्यासाठी वापरल्या जात नसतील, तर दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा "योग्य प्रमाणातला" हिस्सा मिळतो.

हे प्रमाण ठरवण्याचा अधिकार कायद्याने कर निर्धारण अधिकाऱ्याला दिला आहे. तुम्ही रिटर्नमध्ये जो टक्का लावता तो तुमचा प्रस्ताव असतो. त्यामागे मोजमाप असेल तर अधिकारी सहसा त्यावरूनच पुढे जातो. मोजमाप नसेल तर तो स्वतःचा आकडा लावतो.

सगळ्या खर्चांना एकच टक्का लावला तर चालेल का?

नको. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. "घरातून काम करतो, म्हणून सगळ्याचे ५० टक्के" अशी नोंद दिसली की अधिकाऱ्याला लगेच कळते की काहीच मोजलेले नाही.

प्रत्येक खर्चाला विचारा: हा खर्च कशामुळे वाढतो? भाडे जागेमुळे वाढते, म्हणून जागेच्या प्रमाणात वाटा. वीज उपकरणांमुळे आणि तासांमुळे वाढते, म्हणून युनिटच्या प्रमाणात. ब्रॉडबँडचा ठोक मासिक आकार किती लोक किती वेळ वापरतात यावर वाटता येतो. लॅपटॉप वापराच्या तासांवर. पाया बदलला की टक्का बदलतो, आणि एकाच घरात भाड्याचे २१ टक्के आणि विजेचे ३४ टक्के येणे अगदी स्वाभाविक आहे.

पुढची उत्तरे एकाच उदाहरणावर नेली आहेत. एक गृहसजावटकार भाड्याच्या घरातून काम करते. हाताखालच्या लोकांच्या पगारामुळे तिचा खर्च जमेच्या साठ टक्क्यांवर जातो, म्हणून ती ४४एडीए न घेता हिशेब ठेवते आणि ऑडिट करून घेते. घराचे चटई क्षेत्र ६०० चौरस फूट, भाडे महिना २०,००० रुपये. कामाची खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट.

खोलीचा टक्का काढताना संपूर्ण घराचे क्षेत्र धरायचे का?

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही समर्थनीय आहेत. पहिली: १२० भागिले ६००, म्हणजे २० टक्के. दुसरीत आधी सामायिक जागा बाजूला काढतात. या घरात बोळ, संडास-बाथरूम मिळून १०० चौरस फूट आहेत. ते घरालाही लागतात आणि कामालाही, म्हणून ते कोणाच्याच खात्यात न धरता उरलेल्या ५०० वर प्रमाण काढायचे: १२० भागिले ५००, म्हणजे २४ टक्के.

चूक होते ती दोन्हींची सरमिसळ केल्यावर. काही जण सामायिक जागा भाजकातून वगळतात आणि वर "ग्राहक बाथरूम वापरतात" म्हणून तीच जागा भाज्यात मिळवतात. मग एकच जागा दोनदा मोजली जाते. बिल्ट-अप क्षेत्राचा भाजक आणि चटई क्षेत्राचा भाज्य हीसुद्धा अशीच गल्लत, फक्त ती उलट तुमच्या तोट्याची. फीत घेऊन खोल्या स्वतः मोजा, कागदावर साधा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत लांबी-रुंदी लिहा, तारीख टाका. हा एक कागद पुढे फार कामी येतो.

आणखी एक बारकावा. भाड्याच्या बाबतीत कलम ३८ नुसते चौरस फूट म्हणत नाही, त्या भागाच्या वार्षिक मूल्याचा विचार करायला सांगते. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली आणि आतली अंधारी खोली सारख्याच मापाच्या असल्या तरी त्यांना सारखे भाडे येत नाही. फरक मोठा असेल तर तसे कारण लिहून जास्त प्रमाण मागता येते. साध्या सदनिकेत मात्र क्षेत्रफळच पुरे.

त्याच खोलीत संध्याकाळी मुले अभ्यास करतात. मग?

मग क्षेत्राच्या टक्क्याला वेळेचा टक्का लावा. खोली आठवड्यात ५४ तास कामासाठी आणि ६ तास घरच्यांसाठी वापरली जाते. एकूण वापर ६० तास, त्यात काम ९० टक्के. २४ टक्क्यांचे ९० टक्के म्हणजे २१.६ टक्के. वर्षाचे भाडे २,४०,००० रुपये, त्यातला धंद्याचा हिस्सा ५१,८४० रुपये.

इथे भाजक "वापराचे तास" आहेत, आठवड्याचे १६८ तास नाहीत. खोली रात्री बंद असते तेव्हा ती कोणीच वापरत नाही. ते रिकामे तास घरच्या खात्यात टाकणे चूक आहे आणि कामाच्या खात्यात टाकणेही चूक आहे. वापर ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात ते वाटले जातात.

त्या खोलीत दिवाण असेल आणि पाहुणे तिथे झोपत असतील, तर ते तासही मोजा. तो दिवाण फोटोत दिसणारच आहे.

वेगळी खोलीच नाही, हॉलमधल्या टेबलावर काम होते. काही मिळेल का?

मिळू शकते, पण फार थोडे. हॉलचे १५० चौरस फूट सगळे मागू नका. टेबल, खुर्ची आणि कपाट यांनी अडवलेली जागाच धरा, समजा ३० चौरस फूट, आणि तिला वेळेचा टक्का लावा. ३० भागिले ५०० म्हणजे ६ टक्के, त्यात कामाचा वेळ निम्मा असेल तर ३ टक्के. भाड्यात वर्षाला काही हजारांचा फरक पडतो, आणि त्यासाठी वाद ओढवून घ्यायचा का हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचा सल्ला असा की अशा वेळी भाडे सोडून द्यावे आणि वीज, ब्रॉडबँड, फोन, लॅपटॉप नीट मागावेत. तिथे मोजमाप स्वच्छ असते.

विजेचे बिल क्षेत्रफळावर का वाटायचे नाही?

कारण फ्रीज, गिझर, धुण्याचे यंत्र हे कामाच्या खोलीत नसतात आणि संगणक व दिवसाचा एसी इतर खोल्यांत नसतो. क्षेत्रफळाचा टक्का हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्यात कमी पडतो.

उपकरणांवरून असे काढा. संगणक आणि मोठा पडदा मिळून तासाला ०.२ युनिट, दिवे आणि पंखा मिळून ०.१ युनिट. रोज ९ तास, महिन्याला २६ दिवस. ०.३ गुणिले ९ गुणिले २६ म्हणजे साधारण ७० युनिट. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत एसी रोज ६ तास, तासाला सरासरी १ युनिट, म्हणजे आणखी १५६ युनिट. त्या महिन्यांत कामाची वीज २२६ युनिट होते.

घराचे बिल आठ महिने ३०० युनिट आणि चार महिने ४८० युनिट येते. वर्षाचे एकूण ४,३२० युनिट. कामाचे ८ गुणिले ७० अधिक ४ गुणिले २२६, म्हणजे १,४६४. प्रमाण ३३.९ टक्के. वर्षाचे बिल ४३,२०० रुपये असेल तर हिस्सा १४,६४० रुपये. स्थिर आकारासकट एकूण बिलाला हेच प्रमाण लावायचे. "कामामुळे मी वरच्या टप्प्यात गेले, म्हणून सगळे महागडे युनिट कामाचे" असा युक्तिवाद टिकवणे अवघड आहे, कारण टप्प्यात कोणते युनिट आधी जळले हे मीटर सांगत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. उपकरणावर लिहिलेले वॅट हे बहुधा कमाल असतात. संगणकाच्या वीजपुरवठ्यावर ५०० लिहिलेले असते, प्रत्यक्षात तो त्याच्या अर्ध्याहूनही कमी ओढतो. प्लगला लावायचा छोटा वीजमापक आठवडाभर लावून खरे वाचन घ्या. दुसरे, इथे पुन्हा ९० टक्के लावू नका. युनिट मोजताना फक्त कामाचे ९ तास धरले आहेत, म्हणजे वेळेची वाटणी त्यातच झाली. भाड्याची सवय लागून विजेतूनही पुन्हा कापणारे बरेच असतात आणि आपलीच वजावट कमी करून घेतात.

फोनचा अमर्याद कॉलचा पॅक आहे. कॉल केला काय, न केला काय, पैसे तेवढेच. मग वाटणी कशाची?

पैसे तेवढेच लागले तरी पॅक दोन्ही कामांसाठी घेतलेला आहे, म्हणून वाटणी करावी लागतेच. नेहमीच्या कामाचे चार सलग आठवडे निवडा. सण, सुट्टी किंवा एखाद्या मोठ्या प्रकल्पाची धावपळ त्यात नको. फोनमधली कॉलची यादी उघडा, प्रत्येक कॉलपुढे काम किंवा घर लिहा, मिनिटे मोजा. एकूण ६२० मिनिटांपैकी ४३४ कामाची निघाली तर ७० टक्के. वर्षाचा रिचार्ज ३,६०० रुपये असेल तर हिस्सा २,५२० रुपये.

कॉलची संख्या मोजू नका, मिनिटे मोजा. पार्सलवाल्याचे वीस सेकंदांचे कॉल आणि ग्राहकाशी अर्ध्या तासाची चर्चा एका मापाने मोजली की टक्का बिघडतो. व्हॉट्सअॅपवरचे कॉल कंपनीच्या बिलात दिसत नाहीत, ते अॅपमधून वेगळे उतरवावे लागतात. काम जर मुख्यतः त्यावरच होत असेल आणि ते वगळले, तर टक्का चुकीने खाली येतो.

डेटाचे जीबी हा पाया मोहात पाडतो, कारण फोन तो आकडा आयता दाखवतो. पण एक सिनेमा पाहिला की महिन्याभराच्या कामाच्या मेलपेक्षा जास्त डेटा जातो. खऱ्या वापराशी त्याचा मेळ बसत नाही. जो मुळात व्हिडिओच अपलोड करतो त्याच्यासाठी मात्र जीबी योग्य.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कामासाठी वेगळे सिम. त्याचा रिचार्ज १०० टक्के धंद्याचा, रोजची यादी नको. घरच्यांना तो नंबर देऊ नका, नाहीतर वर्षभरात तो पुन्हा मिश्र होतो. हँडसेट एकच असेल तर हँडसेटचा घसारा मात्र वाटावाच लागतो.

ब्रॉडबँड सगळे घर वापरते. तो कसा?

उपकरण-तासांवर. कामाचा संगणक महिन्याला २३४ तास, टीव्ही १२० तास, घरच्यांचे दोन फोन मिळून १८० तास. एकूण ५३४, त्यात काम ४३.८ टक्के. ४३ धरा. वर्षाचे १२,००० रुपये असतील तर ५,१६० रुपये. अपूर्णांक आपल्या विरुद्ध बाजूला नेण्याची सवय चांगली, कारण त्यात रक्कम नगण्य जाते आणि आकडा ताणलेला वाटत नाही.

लॅपटॉपची पूर्ण किंमत एकाच वर्षी खर्चात टाकता येते का?

नाही, ती भांडवली वस्तू आहे, घसाराच मिळतो. संगणकाला दर ४० टक्के, फर्निचरला १० टक्के, फोनसारख्या इतर यंत्रांना १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी दर निम्मा. म्हणून मार्चमध्ये "कर वाचवायला" घेतलेल्या लॅपटॉपचा फायदा वाटतो त्याच्या निम्माच होतो.

उदाहरणातल्या बाईंनी १० मे रोजी ८०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. घसारा ३२,००० रुपये, कामाचा वापर ८५ टक्के, म्हणून वजावट २७,२०० रुपये. पुढच्या वर्षाची सुरुवातीची किंमत काढताना कायद्याचे शब्द "प्रत्यक्ष मिळालेला घसारा" असे आहेत, म्हणून ८०,००० मधून २७,२०० वजा करून ५२,८०० रुपये राहतात. सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण ३२,००० वजा होऊन ४८,००० दिसत असेल, तर सीएला दाखवून दुरुस्त करून घ्या.

दहा हजारांच्या वरची वस्तू रोखीने घेऊ नका. रोखीने दिलेली अशी रक्कम घसाऱ्यासाठी किंमतीत धरलीच जात नाही.

सगळे मिळून किती झाले?

भाडे ५१,८४०, वीज १४,६४०, फोन २,५२०, ब्रॉडबँड ५,१६०, लॅपटॉपचा घसारा २७,२००. बेरीज १,०१,३६० रुपये. फोनच्या हिशेबाला जेवढी मेहनत लागते तेवढी रक्कम त्यात नाही, हे इथे दिसते. भाडे आणि लॅपटॉप यांचे मोजमाप जास्त काटेकोर करा.

घर स्वतःचेच आहे. बाजारभावाने भाडे धरून वजावट घेता येईल का?

नाही. स्वतःला भाडे देता येत नाही. धंद्याच्या भागापुरती चालू दुरुस्ती, घरपट्टी, विमा आणि घसारा मिळतो. राहत्या स्वरूपाच्या इमारतीचा दर ५ टक्के, आणि तोही बांधकामाच्या किंमतीवर, जमिनीच्या नाही.

गृहकर्ज असेल तर व्याज दोन ठिकाणी जाते. घराचा जो भाग मालक स्वतःच्या धंद्यासाठी वापरतो तो "घरापासूनचे उत्पन्न" या शीर्षकात येतच नाही. त्या भागाचे व्याज धंद्याच्या खर्चात, उरलेले व्याज राहत्या घराच्या नियमाने. पूर्ण व्याज घराखाली मागून शिवाय २० टक्के धंद्यातही मागणे ही दुहेरी वजावट झाली, आणि बँकेच्या प्रमाणपत्रावरून ती चटकन पकडली जाते. मुद्दल कोणत्याही टक्क्याने धंद्याचा खर्च होत नाही.

घर विकताना मात्र याची किंमत चुकवावी लागू शकते. ज्या भागावर घसारा मिळाला, त्या भागाचा नफा कलम ५० प्रमाणे अल्पकालीन भांडवली नफा ठरतो, घर वीस वर्षे जवळ असले तरी. "मग घसारा मागतच नाही" हाही सुटकेचा मार्ग नाही, कारण मागितला नाही तरी घसाऱ्याची तरतूद लागू होते असे कलम ३२ चे स्पष्टीकरण सांगते. म्हणून स्वतःच्या घरातली खोली धंद्याची म्हणून दाखवण्याचा निर्णय वर्षाच्या वजावटीकडे बघून घेऊ नका. येत्या काही वर्षांत घर विकण्याचा विचार असेल, तर सीएसमोर दोन्ही आकडे मांडून मगच ठरवा.

घर वडिलांच्या नावावर आहे आणि मी भाडे देत नाही.

मग भाड्याची वजावट नाही. विजेचे बिल त्यांच्या नावावर असले तरी तुमच्या खात्यातून भरले जात असेल, तर कामाचा हिस्सा मागता येतो. बँकेचे विवरण जपा. खरेच भाडे देणार असाल तर करार करा, रक्कम परिसरातल्या भाड्याला धरून ठेवा, दर महिन्याला खात्यातून द्या, आणि वडिलांनी ते उत्पन्न म्हणून दाखवले पाहिजे. मार्चमध्ये एकरकमी "वर्षाचे भाडे" म्हणून पाठवलेली रक्कम पाहिली की संशय येतोच.

भाड्यावर कलम ८०जीजीची वजावटही घेतो. दोन्ही चालेल?

८०जीजी फक्त राहण्याच्या भाड्यासाठी आहे आणि फक्त जुन्या करप्रणालीत. धंद्यात दाखवलेले ५१,८४० आधी वजा करा आणि उरलेल्या भाड्यावरच ८०जीजीचा हिशेब करा.

वहीत नोंद कशी करायची?

बिल धंद्याच्या खात्यातून भरत असाल तर पूर्ण रक्कम वीज खर्चाला टाका आणि वर्षअखेर, खरे तर दर तिमाहीला, घरचा हिस्सा ड्रॉइंग्जला वळवा: ड्रॉइंग्ज खाते नावे २८,५६०, वीज खर्च खाते जमा २८,५६०. खाली नोंदीचे कारण लिहा: "कामाचे १,४६४ युनिट, एकूण ४,३२०, तक्ता सोबत." बिल घरच्या खात्यातून भरत असाल तर उलट करा: वीज खर्च नावे १४,६४०, भांडवल खाते जमा.

पहिली रीत चांगली. तीत तुम्ही स्वतः किती रक्कम वगळली ते वहीतच दिसते. ऑडिट असेल तर ऑडिटरला अहवालात वैयक्तिक स्वरूपाचा खर्च नमूद करावा लागतो, आणि ही नोंद असली की तो प्रश्न तिथेच मिटतो.

जीएसटीचे इनपुट क्रेडिट पूर्ण घेता येते का?

नाही. धंद्यासाठी जेवढा वापर तेवढेच क्रेडिट. फोनचा ७० टक्के हिस्सा प्राप्तिकरात दाखवला आणि जीएसटीत १०० टक्के क्रेडिट घेतले, तर तुमचेच दोन कागद एकमेकांना खोटे पाडतात. आणि ज्या जीएसटीचे क्रेडिट घेतले तो खर्चात किंवा घसाऱ्याच्या किंमतीत पुन्हा धरू नका. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक नसेल तर ब्रॉडबँडचे क्रेडिट अडकते, म्हणून तो आधी नोंदवून घ्या.

सगळे मोजूनही अधिकाऱ्याने फोनचे २० टक्के सरसकट नाकारले तर?

फोन आणि गाडीच्या खर्चात "वैयक्तिक वापर" म्हणून दहा-वीस टक्के कापण्याची पद्धत जुनी आहे. बहुतेक वेळा ती तिथेच लागते जिथे करदात्याने स्वतः काहीच वगळलेले नसते. उत्तरात आधी हे दाखवा की ३,६०० पैकी १,०८० तुम्ही स्वतःच वगळले आहेत. मग चार आठवड्यांचा तक्ता जोडा. एकदा वगळलेल्या खर्चातून पुन्हा वैयक्तिक वापर कापायला आधार काय, हे नेमके विचारा. रक्कम लहान असेल तर अपील करण्याऐवजी सोडून देण्यात काही गैर नाही.

तक्ता नोटीस आल्यावर बसून तयार करू नका. एका बैठकीत, एकाच पेनाने, वर्षभराच्या तारखा टाकून लिहिलेली वही ओळखू येते. खोट्या नोंदीने उत्पन्न कमी दाखवले तर दंड त्या कराच्या २०० टक्के असतो. साधे कमी दाखवले गेले तर ५० टक्के.

नमुना दर वर्षी घ्यावा लागतो का, आणि कागद किती वर्षे ठेवायचे?

दर वर्षी एकदा तरी घ्या, आणि वापर बदलला की लगेच. दुसरी खोली घेतली, मदतनीस घरी येऊन बसू लागला, मूल ऑनलाइन शिकू लागले, की त्या तारखेपासून नवा टक्का. व्यवसाय १ ऑगस्टला सुरू झाला असेल तर वाटणी आठच महिन्यांच्या बिलांची होते. बारा महिन्यांच्या बिलाला टक्का लावणे ही अगदी नेहमीची चूक.

पाया मात्र दर वर्षी बदलू नका. यंदा क्षेत्रफळ, पुढच्या वर्षी खोल्यांची संख्या, त्यापुढे तास, आणि दर वेळी टक्का वरच जातो, हे कोणालाही खटकते. बदलायचाच असेल तर कारण त्याच वर्षीच्या कागदावर लिहा.

बिले, नकाशा, तक्ते आणि भाडेकरार संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवा. रिचार्जच्या पावत्या पीडीएफ करून वर्षाच्या फोल्डरमध्ये टाका. छापील पावत्यांची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.